«कधीही फोन करा, काका»: हापूसच्या हंगामात ठरवलेल्या बोलण्याच्या वेळा

देवगड तालुक्यातले एक आंबा बागायतदार. तीन वर्षांपूर्वीपर्यंत माल वाशीला जायचा. आता निम्मा माल स्वतःच्या वेबसाइटवरून थेट मुंबई-पुण्याच्या घरांत जातो. ती वेबसाइट सांभाळण्याचं काम यंदा १० मार्चपासून रत्नागिरीतल्या दोघींच्या छोट्या संस्थेकडे आलं. हंगामातले महिन्याचे चौदा हजार ठरले. त्यात भाव बदलणं, फोटो-बॅनर, ऑर्डरींवर नजर आणि बिघाड दुरुस्ती एवढी कामं होती. काय करायचं ते नीट लिहून घेतलं होतं. बोलायचं कधी आणि कशावर, याबद्दल कागदावर एक ओळही नव्हती.

तोंडी मात्र एक वाक्य झालं होतं. पहिल्या भेटीत, पडवीत सोलकढी पिता पिता, थोरली भागीदार निघताना म्हणाली, «काही लागलं तर कधीही फोन करा, काका.» आपल्याकडे निरोप घेताना हे म्हटलंच जातं. म्हणणाऱ्याच्या लेखी तो शिष्टाचार असतो. पण ज्याच्या झाडावर फळ तयार होत आलंय, त्याच्या लेखी तो शब्द असतो, आणि यात चूक ऐकणाऱ्याची नाही.

पहिले दहा दिवस

२० मार्चला दोघींनी मागचे दहा दिवस मोजायला घेतले. कॉल लॉग आणि व्हॉट्सॲप उघडून प्रत्येक संपर्काची वेळ, माणूस आणि विषय वहीत उतरवला. लागोपाठ आलेले पाच मेसेज एकच संपर्क धरले. अर्ध्या तासाचं हे काम झालं, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. त्याशिवाय हातात नुसता वैताग असतो, आणि वैतागातून काढलेले नियम भलत्याच ठिकाणी लागतात.

दहा दिवसांत ५८ संपर्क झाले होते. त्यांतले ३१ संपर्क दोघींच्या सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेबाहेरचे. हे ३१ पुन्हा वेळेनुसार लावल्यावर त्यांचे दोन गठ्ठे दिसले. १९ संपर्क रात्री साडेआठ ते अकरामधले होते आणि ते सगळे बागायतदारांच्या ठाण्यात राहणाऱ्या मुलाचे. सात संपर्क सकाळी सहा ते साडेसातमधले, सगळे काकांचे. उरलेले पाच इकडचे तिकडचे.

वेळा पाहिल्या की कारण आपोआप कळतं. मुलगा नोकरी करतो, आठला घरी पोचतो, जेवून लॅपटॉप उघडतो. मुंबईचं गिऱ्हाईकही रात्री जेवणानंतरच आंबा मागवतं, त्यामुळे ऑर्डरींची गर्दीही तेव्हाच असते. काका उजाडता उजाडता तोडणीला बागेत जातात, फळ बघून भाव ठरवतात आणि ठरला की लगेच फोन लावतात: «मोठ्या फळाचो भाव आज बदलूक व्हयो गो.» दोघांनाही कुणाला त्रास द्यायचा नव्हता. त्यांचा दिवस दोघींच्या दिवसाशी जुळत नव्हता, एवढंच. अशा गिऱ्हाइकाला «आमची वेळ दहा ते सहा» असं कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी ते चार दिवसही टिकणार नाही, कारण त्या वेळेत त्यांच्याकडे बोलायला माणूसच मोकळा नाही.

वहीतली दुसरी नोंद जास्त बोचरी होती. ५८ पैकी १३ संपर्क नुसते «झालं का?» एवढेच होते. काम आलं की दोघी ते करायला घ्यायच्या आणि पुरं झाल्यावर कळवायच्या. मधले पाच तास पलीकडच्या माणसाला आपला निरोप पोचला की नाही हेही ठाऊक नसे. म्हणजे हे १३ संपर्क दोघींच्या गप्प राहण्यामुळे आले होते. उत्तर देणं आणि काम पुरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची वेळ वेगवेगळी सांगावी लागते. «दोन तासांत करतो» हे वचन मोडतं, कारण एखाद्या कामाला दोन दिवस लागू शकतात. «दोन तासांत उत्तर देतो आणि त्यात काम कधी होईल ते सांगतो» हे पाळता येतं.

तिसरी गोष्ट: त्या ३१ पैकी खरंच त्याच वेळी हात घालावा लागेल असे संपर्क दोनच होते. एकदा एका पिनकोडला कुरिअरचा दर लागत नव्हता आणि तिथल्या ऑर्डरी अडकल्या होत्या. दुसऱ्यांदा २५० ते ३०० ग्रॅमचं फळ संपलं होतं, तरी वेबसाइट रात्रभर ते विकत राहिली. बाकी २९ सकाळपर्यंत सहज थांबले असते. तरीही त्यांतल्या बऱ्याच मेसेजना रात्री साडेअकरालाही «हो, करते» असं उत्तर गेलं होतं. गिऱ्हाईक आपण काय सांगतो त्यापेक्षा आपण किती वाजता उत्तर देतो त्यावरून शिकतं. त्यात एका रात्री मुलाच्या मेसेजला उत्तर न देता धाकटीने त्याच वेळी तळलेल्या बांगड्याचं स्टेटस टाकलं होतं. जागी आहे पण उत्तर देत नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

सांगण्याआधी विचारलेले तीन प्रश्न

२१ मार्चला संध्याकाळी सातला थोरलीने फोन लावला. काका आणि मुलगा दोघांनाही एकाच कॉलवर घेतलं. आधी बोलणं आणि मग लिहून पाठवणं हा क्रम मुद्दाम ठेवला होता. नुसता लेखी मजकूर गेला तर तो नोटिशीसारखा वाचला जातो. नुसतं बोलणं झालं तर आठवड्याने ज्याला जे सोयीचं तेवढंच आठवतं.

सुरुवात तक्रारीने केली नाही. «हंगाम आता चढेल, त्याआधी आपलं कामाचं वेळापत्रक लावून घेऊ,» एवढं म्हणून तीन प्रश्न विचारले. दिवसातल्या कुठल्या वेळी ऑर्डरी जास्त येतात? भाव शेवटी कोण ठरवतं आणि कोणाचा शब्द धरायचा? आणि रात्री काही बिघडलं आणि सकाळपर्यंत तसंच राहिलं, तर नेमकं किती नुकसान होतं?

तिसऱ्या प्रश्नावर बोलणं सगळ्यात लांबलं. मुलाने आठवून सांगितलं, की संपलेलं फळ रात्रभर विकलं गेलं तर सकाळी सात-आठ गिऱ्हाइकांना फोन करून माफी मागावी लागते आणि पैसे परत करावे लागतात. पैसे भरणंच बंद पडलं तर त्या रात्रीच्या सगळ्या ऑर्डरी जातात. बॅनरवरचा फोटो चुकीचा राहिला तर काहीच जात नाही. तातडीचं काय आणि साधं काय, याची यादी अशी त्यांच्याच तोंडून निघाली. «हे तातडीचं नाही» असं आपण म्हटलं की वाद होतो. नुकसानीचा हिशेब मांडला की वादाला जागाच राहत नाही.

याच बोलण्यात एक काम कायमचं कमी झालं. संपलेलं फळ बंद करायला दोघींची गरजच नव्हती. वेबसाइट वूकॉमर्सवर आहे. मुलाला `Shop manager` या भूमिकेचं लॉगिन दिलं, म्हणजे ऑर्डरी आणि माल त्याच्या हातात आला, पण वेबसाइटचे प्लगइन किंवा थीम त्याच्याकडून बदलले जाणार नाहीत. वीस मिनिटांत त्याला दोन गोष्टी दाखवल्या: मालाच्या पानावर `Out of stock` निवडणं, आणि दर सकाळी हातात किती डझन आहेत तो आकडा भरणं. चाळीस डझन भरले की चाळिसावा गेल्यावर ते फळ वेबसाइट आपणच बंद करते. रात्रीच्या तातडीच्या दोन कारणांपैकी एक असं मिटलं. सीमा आखण्याआधी सीमेवर येणारी कामं कमी करता येतात का हे बघणं बहुतेकजण विसरतात, आणि मग नम्र शब्द शोधत बसतात.

पाठवलेला मजकूर

त्याच रात्री आठ वाजता ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर हा मजकूर गेला. «नियम», «अटी», «नोंद घ्यावी» हे शब्द त्यातून मुद्दाम काढले होते. ते सरकारी परिपत्रकाचे शब्द आहेत, आणि एकदा आले की पुढचं सगळं त्याच सुरात ऐकू येतं.

> काका, दादा, नमस्कार.
>
> आज फोनवर ठरलं ते खाली लिहून ठेवते, म्हणजे तिकडे आणि इकडे एकच राहील.
>
> हंगामभर, म्हणजे १५ जूनपर्यंत, आम्ही सोमवार ते शनिवार सकाळी १० ते दीड आणि दुपारी ४ ते रात्री साडेआठ कामावर आहोत. दादांना रात्री आठला बोलता यावं म्हणून संध्याकाळची वेळ वाढवली आहे. या वेळेत आलेल्या निरोपाला दोन तासांच्या आत आमचं उत्तर येईल. काम लगेच होण्यासारखं नसेल तर कधी होईल ते त्याच उत्तरात सांगू. साडेआठनंतर आलेल्या निरोपाला दुसऱ्या दिवशी बारापर्यंत उत्तर येईल. तुम्ही तुमच्या सोयीने कितीही वाजता लिहून ठेवा, आमची काही हरकत नाही.
>
> रोजच्या गोष्टींसाठी कामाच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा. भाव मात्र लिहूनच पाठवा, आवाजी निरोपात नको. ऐकताना आकडा चुकला तर नुकसान तुमचं होईल. सकाळी ९ पर्यंत आलेला भाव साडेदहापर्यंत वेबसाइटवर लागेल. भावाबद्दल शेवटचा शब्द काकांचा, बाकी सगळ्यात दादांचा, असं आम्ही धरतो.
>
> रात्री साडेआठ ते अकरा आणि रविवारी दिवसभर, या तीन गोष्टींसाठी थेट तातडीच्या नंबरवर फोन करा: वेबसाइट मोबाइलच्या नेटवरही उघडत नाही, तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे पैसे भरताना अडकले, भाव चुकून कमी दिसतोय. अर्ध्या तासात आमच्यापैकी एक कामाला लागेल. महिन्यात असे दोन फोन ठरलेल्या पैशांतच आहेत, पुढे प्रत्येकी ६०० रुपये. चूक आमची असेल तर पैसे नाहीत.
>
> रात्री अकरा ते सकाळी सात आम्ही दोघी फोनवर नसतो. त्या वेळेत काही अडलं तर दादांना दाखवलेलं `Out of stock` वापरून ऑर्डर थांबवा, सकाळी उठल्यावर आधी तेच बघू.
>
> यातलं काही तुमच्या कामाच्या वेळेला अडचणीचं वाटत असेल तर सांगा, बदलू.

या मजकुरातल्या काही गोष्टी सहज निसटतील. दोघींचे कामाचे तास वाढलेले नाहीत. आधी दहा ते सहा असे आठ तास होते, आता साडेतीन आणि साडेचार मिळून आठच आहेत, फक्त सरकले आहेत. दुपारचे अडीच तास मोकळे सोडले, कारण वहीत त्या वेळेत जवळपास काहीच आलं नव्हतं. «साडेआठनंतर मेसेज करू नका» असं कुठेही म्हटलेलं नाही. रात्री दहाला जे सुचलं ते त्या माणसाने तेव्हाच लिहून टाकलेलं बरं, नाहीतर सकाळी ते विसरतं किंवा फोनवर सांगितलं जातं. लिहायला वेळेचं बंधन नाही, उत्तराला आहे.

तातडीच्या तिन्ही खुणा अशा आहेत, की तंत्र न कळणारा माणूसही त्या स्वतः तपासू शकतो. «मोबाइलच्या नेटवरही» हे शब्द त्यात आहेत कारण बऱ्याचदा वेबसाइट नीट चालत असते आणि घरचं वायफाय गेलेलं असतं. «तीन वेगवेगळी गिऱ्हाइकं» हाही विचार करून ठरवलेला आकडा आहे. एकाचे पैसे खात्यातून गेले आणि ऑर्डर दिसली नाही, तर तो बहुधा बँकेकडचा अडथळा असतो. यूपीआयने दुकानदाराला केलेला असा व्यवहार पाच दिवसांच्या आत आपोआप उलटला पाहिजे असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच ठरवून दिलं आहे. रात्री दहाला त्यात वेबसाइट सांभाळणारीला काही करता येत नाही. गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर दोघींनी मुलाला तयार करून दिलं. तिघांचं अडकलं तर मात्र दोष आपल्या बाजूला असण्याचा संभव मोठा.

सहाशे रुपयांवर दोघींमध्ये थोडी घासाघीस झाली होती. धाकटीचं म्हणणं दीड हजार ठेवावेत. पण दर जड ठेवला तर खरा बिघाड झाला तरी माणूस सकाळपर्यंत कळवत नाही, आणि सकाळी तुटलेल्या ऑर्डरींचा राग मात्र आपल्यावर निघतो. फुकट ठेवलं तर सगळंच तातडीचं होतं. दोन फोन ठरलेल्या पैशांत आणि नंतर हलका आकार, हा या कामाच्या मापाचा तोडगा होता. महिना चौदा हजारांऐवजी चाळीस हजारांचा असता तर रात्रीचे सगळे फोन त्यातच धरणं जास्त शहाणपणाचं ठरलं असतं.

फोनमधली व्यवस्था

मजकूर पाठवला की काम संपत नाही, फोनही तसाच लावावा लागतो. दोघींनी कामाचं सिम एका जुन्या हँडसेटमध्ये टाकून त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केलं. तातडीचा नंबर वेगळा, साध्या बटणांच्या फोनमध्ये. तो एका आठवड्यात एकीकडे आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरीकडे. शनिवारी संध्याकाळी अदलाबदल.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अनुपस्थितीचा आपोआप जाणारा मेसेज कामाच्या वेळेबाहेर जाईल असा लावता येतो. तो असा लिहिला: «निरोप मिळाला. उद्या बारापर्यंत उत्तर येईल. वेबसाइट किंवा पैसे भरणं बंद असेल तर तातडीच्या नंबरवर फोन करा.» पण त्यात एक खोच आहे. हा मेसेज फोन इंटरनेटवर असेल तरच जातो. वीज गेली, राउटर बंद पडला आणि मोबाइलला रेंज नसेल, तर तोही जात नाही. कोकणात हे वादळवाऱ्याच्या दिवसांत नेहमीचंच. म्हणून मुलाला एक गोष्ट तोंडी सांगून ठेवली: मेसेजवर तासभर एकच टिक राहिली तर निरोप पोचलेलाच नाही, फोन करायचा.

निळ्या टिकांचाही प्रश्न होता. रात्री मेसेज उघडून वाचला आणि उत्तर दिलं नाही तर न वाचण्यापेक्षा ते जास्त लागतं. वाचल्याची खूण बंद करता येते, पण ग्रुपमध्ये ती दिसतेच, आणि आवाजी निरोप ऐकल्याचीही दिसते. म्हणून दोघींनी सोपा मार्ग धरला: साडेआठला कामाचा हँडसेट चार्जिंगला लावून स्वयंपाकघराच्या फडताळावर ठेवायचा. सेटिंग बदलण्यापेक्षा फडताळ जास्त भरवशाचं निघालं.

पहिला आठवडा

चौथ्या रात्री दहा चाळीसला मुलाचा आवाजी निरोप आला, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. विषय बॅनरवरच्या पेटीच्या फोटोचा. आपोआप जाणारा मेसेज गेला होता, पण पुढच्या पंधरा मिनिटांत आणखी दोन निरोप आले. रात्री काहीच केलं नाही. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी उत्तर गेलं:

«दादा, फोटोचं कळलं. पेटीचा नवा फोटो आज चारपर्यंत लावते. त्यातली लाकडी पेटी दिसू दे की पुठ्ठ्याची? रात्रीचं सकाळी दहानंतर बघते, ठरल्याप्रमाणे.»

क्रम पाहा: आधी काम, मग वेळ, मग खरा प्रश्न आणि सगळ्यात शेवटी, पाच शब्दांत, ठरलेल्याची आठवण. उलट्या क्रमाने लिहिलं असतं, म्हणजे «आपलं ठरलं होतं ना...» असं सुरू केलं असतं, तर फोटोचं काम होऊनही मनात तेवढंच राहिलं असतं. आणि रात्री अकराला «आता नाही, उद्या बघते» असं लिहिणं तर सगळ्यात वाईट. ते शब्दांत नाही म्हणतं, पण उत्तर देऊन हो म्हणतं.

काकांचा सकाळचा फोन हे वेगळंच प्रकरण निघालं. हँडसेटवर «व्यत्यय आणू नका» हे सेटिंग रात्री साडेआठ ते सकाळी साडेनऊ लावलं होतं. तरीही सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन खणखणला. तपासल्यावर कळलं: अँड्रॉइडच्या त्या सेटिंगमध्ये `Repeat callers` म्हणून एक सूट असते. त्याच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू देते. काका फोन उचलला नाही की दुसऱ्यांदा लावतातच, गावात सगळेच लावतात. कामाच्या हँडसेटवर ती सूट बंद केली. तातडीच्या फोनवर असं काहीच लावलेलं नव्हतं, तो वाजायलाच हवा.

पण फोन बंद करून काकांची अडचण सुटत नव्हती. त्यांना टाइप करता येत नाही, आणि भाव तर लेखीच हवा. तोडगा पॅकिंगच्या शेडमध्ये आधीपासून टांगलेला होता. मजुरांसाठी तिथे एक फळा आहे, त्यावर काका रोज खडूने वजनाप्रमाणे भाव लिहितात: २०० ते २२५, २२५ ते २५०, २५० ते ३००. शेडवरच्या मुकादमाने त्या फळ्याचा फोटो काढून कामाच्या नंबरवर टाकायचा, एवढंच ठरलं. काकांना नवं काहीच करावं लागलं नाही. आकडा त्यांच्याच अक्षरात, तारखेसकट नोंदला जाऊ लागला. सकाळचे फोन आधी दहा दिवसांत सात यायचे, ते आठवड्याला एकावर आले. तो एक फोन दोघींनी सोडून दिला. काका त्यात भाव सांगत नाहीत, हवेबद्दल बोलतात.

दोघींकडून काय बिघडलं

पहिली चूक धाकटीची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेअकराला मुलाने कुठूनतरी मिळालेल्या तिच्या खासगी नंबरवर विचारलं, की कूपन चालत नाहीये. ती जागीच होती, काम दोन मिनिटांचं होतं, केलं. पुढच्या तीन रात्री सगळे निरोप तिच्याच नंबरवर आले आणि कामाचा नंबर गप्प झाला. याला मुलगा जबाबदार नाही. जिथून लवकर उत्तर मिळतं तिथे माणूस जातो. चौथ्या दिवशी धाकटीने सकाळी लिहिलं: «दादा, परवा माझ्या नंबरवरून उत्तर दिलं ती माझीच गल्लत झाली. या नंबरवर मी कधी घरच्या कामात असते आणि निरोप राहून जाईल. कामाच्या नंबरवर टाकाल का? तिथे आम्ही दोघी बघतो.» त्यानंतर खासगी नंबरवर आलेला प्रत्येक मेसेज तिने उत्तर न देता कामाच्या नंबरवर पाठवला आणि उत्तरही तिथूनच दिलं. पाच-सहा वेळा असं झाल्यावर गाडी रुळावर आली.

दुसरी चूक जास्त महाग पडली असती. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी ऑर्डरींची सगळ्यात मोठी गर्दी असते. त्या दिवशी दुपारी साडेचारला मुलाने एका पिनकोडबद्दल विचारलं आणि दोघीही दुसऱ्याच कामात गुंतल्याने उत्तर साडेनऊला गेलं. दोन तासांचं वचन, पाच तास लागले. माफीचा मेसेज छोटा होता: «दादा, दोन तासांत उत्तर द्यायचं ठरलं होतं, पाच लागले. पिनकोड आता सुरू केलाय. आज रात्री बारापर्यंत कामाचा नंबर उघडा ठेवते, उद्यापासून नेहमीप्रमाणे.» कारणं सांगितली नाहीत. सूट दिली ती एका रात्रीची, आणि ती कधी संपते तेही त्याच वाक्यात. शेवटची तारीख नसलेली सूट हीच पुढे नवी वेळ होऊन बसते. खरं तर ही सूट आधीच द्यायला हवी होती. सण महिनाभर आधी माहीत असतो, त्या दोन दिवसांचं वेगळं वेळापत्रक पहिल्याच मजकुरात बसलं असतं.

हंगामभरात तातडीच्या नंबरवर सात फोन आले. पाच फोन तीन खुणांपैकी एकीत बसणारे होते. एकदा वेबसाइट उघडत नव्हती ती काकांच्या घरचं नेट गेल्यामुळे. त्या फोनचे पैसे लावले नाहीत, मोबाइलच्या नेटवर कसं तपासायचं ते तिथेच फोनवर करून दाखवलं. एक फोन चुकून खिशातून लागला होता.

१५ जूनला पावसाळ्याचं वेळापत्रक जायचं ठरलं होतं: सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा, उत्तर एका कामाच्या दिवसात, तातडीचा नंबर बंद. ते थोडं आधीच पाठवावं लागलं. २८ मेला सकाळी सहा पंचविसाला शेडवरून फळ्याचा फोटो आला. वजनाच्या तिन्ही ओळी पुसलेल्या होत्या आणि मधोमध काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, «आंबो संपलो». दोघींचं उत्तर दहा वाजून दोन मिनिटांनी गेलं.